एकाच वाइड शॉटमधून तीन कॅमेऱ्यांचा भास: पथनाट्याचं एडिटिंग

प्रश्न: आमच्या पथनाट्याचं ट्रायपॉडवरून एकच वाइड रेकॉर्डिंग आहे, ४के. झूम करून दोन-तीन कॅमेऱ्यांनी शूट केल्यासारखं दाखवता येईल का? मी केलं तर प्रत्येक कटला झटका बसतो.

उत्तर:

येईल, पण अँगल बदलत नाही, फक्त शॉटचा आकार बदलतो. कॅमेरा होता तिथेच असतो, त्यामुळे नटाच्या मागची भिंत, गर्दी आणि त्याच्या चेहऱ्याची दिशा कटनंतरही तशीच राहते. झटका बसतो तो यामुळेच. आकारात थोडासाच फरक केला, की डोळ्याला नवा कॅमेरा वाटत नाही, चित्र उडी मारल्यासारखं वाटतं.

आधी तुमच्याकडे पिक्सेल किती आहेत ते बघा. ४के फ्रेम ३८४० × २१६० ची. टाइमलाइन १९२० × १०८० ठेवलीत तर दुप्पट झूमपर्यंत चित्र फुटत नाही. प्रीमियरमध्ये क्लिपवर Set to Frame Size द्या, Scale to Frame Size नको. दुसऱ्यात चित्र आधीच १०८० वर उतरतं आणि मग झूम केला की धूसर होतं. ओळखायची खूण सोपी आहे: पूर्ण वाइड दिसत असताना Scale चा आकडा 50 असेल तर बरोबर, 100 असेल तर चुकलं.

आता नट किती मोठा दिसतो ते मोजा. वाइडमध्ये तो डोक्यापासून पायापर्यंत फ्रेमच्या निम्म्या उंचीचा असेल, तर Scale 100 ला तो पूर्ण उंची व्यापेल. म्हणजे तुमचा सगळ्यात जवळचा शॉट नखशिखांतच! गुडघ्यापासून वर हवा असेल तर 130 च्या आसपास जावं लागेल, आणि तिथे मऊपणा जाणवायला लागतो. चेहऱ्याचा क्लोजअप या रेकॉर्डिंगमधून निघणार नाही, तो नाद सोडा.

उदाहरण घेऊ. सूत्रधार डावीकडे उभा आहे, उजवीकडे सावकार आणि शेतकरी. सूत्रधाराची छाती मूळ चित्रात डावीकडून ११०० आणि वरून १३०० पिक्सेलवर आहे. Scale 100 ठेवून त्याला मधोमध आणायचं तर Position मध्ये 1780 आणि 320 टाका. हिशोब असा: ९६० + (१९२० − ११००) आणि ५४० + (१०८० − १३००). पहिला आकडा 0 ते 1920 आणि दुसरा 0 ते 1080 च्या बाहेर गेला तर कडेला काळी पट्टी येते. सूत्रधार बोलतोय तोवर हा शॉट. त्याने सावकाराकडे बोट केलं, की हात उठायला लागल्यावर दोन-तीन फ्रेमनी कट आणि थेट उजवीकडच्या दोघांचा शॉट, Scale 75 वर. दोन्ही चौकटीत एकही माणूस समान नसला तर हा कट खरोखर दुसऱ्या कॅमेऱ्याचा वाटतो. एकाच नटावर कट करायचाच असेल तर 50 वरून 100 वर जा. 75 वरून 100 ही उडी फार लहान आहे, त्यात तुम्हाला बसतोय तोच झटका पुन्हा बसेल.

कटची जागा हालचालीवर किंवा डफाच्या थापेवर. शांतपणे उभ्या नटावर कट केला तर युक्ती लगेच उघडी पडते. आवाजाचा एकच अखंड ट्रॅक खाली लॉक करून ठेवा, त्याला ब्लेड लावू नका. चित्र कितीही तुटलं तरी सलग आवाज प्रसंग बांधून ठेवतो.

कीफ्रेम लावून नटामागे चौकट सरकवण्याचा मोहही टाळा. कॅमेरा खरोखर फिरतो तेव्हा चित्राचा कोन थोडा बदलत जातो, इथे सपाट चित्र नुसतं घसरतं आणि ते कळतं. नट चालत दुसऱ्या टोकाला जात असेल तर तेवढा वेळ वाइडवरच राहा. तसंही कोंडाळ्यातल्या नाटकात अधूनमधून सगळी जागा दिसायलाच हवी, नाहीतर कोण कुठे उभं आहे हे प्रेक्षकाला समजत नाही.

तुमच्याकडे आणखी एक साठा आहे: कोंडाळ्याच्या पलीकडच्या बाजूचे, कॅमेऱ्याकडे तोंड केलेले बघे. त्यांच्यापैकी तीन-चार चेहरे 100 वर कापून वरच्या ट्रॅकवर टाका. ओठ जुळवायचे नसतात, म्हणून हा तुकडा दुसऱ्या मिनिटातला असला तरी चालतो. फक्त सावली आणि उजेड जुळतोय का बघा, आणि त्या चौकटीत एखाद्या नटाचा हात घुसत नाही ना, तेही. एखादा कट कितीही केला तरी खटकत असेल तर तो अशा तुकड्याखाली झाकता येतो. (हसू कुठून आणायचं ते मात्र जपून. लोक गंभीर होते तिथे हसरे चेहरे चिकटवणं मला पटत नाही.)

संवादाच्या वेळी नटाची पाठ कॅमेऱ्याकडे असेल तर झूमने काही साधत नाही, पाठच मोठी दिसते. तिथे ऐकणाऱ्या नटाचा किंवा बघ्यांचा शॉट घ्या. पुढच्या रांगेतली डोकी खालून चौकटीत येत असतील तर चौकट वर सरकवा, पण नटाचे पाय घोट्यात कापू नका, गुडघ्याच्या वर कापा.