घरून परीक्षेसाठी बॅकअप सिम घेताना आधी टॉवर बघा

प्रश्न: दापोलीजवळ राहतो. प्रवेश परीक्षा घरूनच आहे, दोन तास, कॅमेरा चालू ठेवून. वायफाय नाही, मोबाईल डेटावरच देणार. दुसऱ्या कंपनीचं सिम घेऊन ठेवलं की झालं ना?

नाही. कंपन्या दोन असल्या तरी टॉवर एकच असू शकतो. आम्ही गुहागरकडचे. मुलीची मॉक टेस्ट चालू असताना पावसात लाईट गेली. पाऊण तासाने एका सिमची रेंज गेली आणि पाठोपाठ दुसऱ्याचीही. दोन्ही कंपन्यांचे अँटेना सड्यावरच्या एकाच टॉवरवर. त्याची बॅटरी उतरली, मग राहतंय काय!

म्हणून सिम घेण्याआधी वाडीत कुणाकडे कुठली कंपनी आहे ते विचारा आणि लाईट गेली की कुणाची रेंज किती वेळ टिकते ते लिहून ठेवा. लाईट जायची फार वाट बघावी लागणार नाही. आमच्याकडे तिसऱ्या कंपनीची रेंज खाडीपलीकडून यायची. एरवी दोनच काड्या, पण लाईट गेल्यावरही राहायची. तेच सिम घेतलं.

काड्यांवर विसंबू नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये About phone मधल्या SIM status खाली Signal strength दिसते. -90 dBm च्या आसपास असेल तर उत्तम, -110 च्या खाली गेलं की कॅमेरा अडकायला लागतो. चिऱ्याच्या भिंतींमुळे आमच्या माजघरात -114 होतं आणि पडवीच्या खिडकीत -98. फोन खिडकीत ठेवला, लॅपटॉप आतल्या खोलीत. स्पीड तपासताना अपलोड बघा, कारण कॅमेऱ्याचं चित्र वर पाठवायचं असतं. 500 केबीपीएसने चित्र गेलं तर दोन तासांत साधारण 450 एमबी जातात. रोजच्या दीड जीबीत हे सहज बसतं, पण लॅपटॉपचं अपडेट मध्येच सुरू झालं तर नाही. विंडोजमध्ये त्या हॉटस्पॉटसाठी Metered connection चालू करून ठेवा.

दोन्ही सिम एका फोनात घालू नका. एकावर कॉल आला की दुसऱ्याचा डेटा थांबू शकतो. आम्ही दोन फोनांच्या हॉटस्पॉटला एकच नाव, एकच पासवर्ड दिला. पहिला बंद करून दुसरा चालू केला की लॅपटॉप आपोआप जोडला जायचा. पण नेट बदललं की काही परीक्षा पुन्हा लॉगिन मागतात, त्यामुळे ही अदलाबदल मॉकमध्ये एकदा मुद्दाम करून बघा. खोलीत मोबाईल चालत नाही असा नियम असतो, म्हणून दोन्ही फोन पडवीत आजीच्या ताब्यात होते.

आणि ओटीपी ज्या नंबरवर येतो ते सिम परीक्षेच्या तोंडावर बदलून घेऊ नका. नवीन सिम चालू झाल्यावर 24 तास एसएमएस बंद असतात.