घसरणीचा युक्तिवाद: पायरी कोण चढतो ते आधी विचारा

प्रश्न: धोरणावरच्या चर्चेत कुणी "आज हे मान्य केलं तर उद्या ते होईल" म्हटलं की तो तर्कदोष म्हणून सोडून द्यावा, की प्रत्येक पायरीची शक्यता खरंच तपासता येते?

तपासता येते. "हा तर्कदोष आहे" एवढं म्हणून समोरच्याला गप्प करणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. तो निव्वळ आळस आहे. घसरण हे भाकीत असतं, आणि भाकीत खरं किंवा खोटं ठरतं.

इच्छामरणाचा वाद घ्या. दावा असा असतो: मरणासन्न रुग्णाला डॉक्टरच्या मदतीने मरण्याची परवानगी दिली की काही वर्षांत मृत्यू जवळ असण्याची अट जाईल, आणि मग केवळ मानसिक आजार असलेल्यांनाही ती मिळेल. इथे "काही वर्षांत" म्हणजे किती, हे आधी वदवून घ्या. मुदत नसलेलं भाकीत कधीच चुकत नाही, म्हणून ते तपासताही येत नाही.

मग प्रत्येक पायरीला विचारा: हा निर्णय कोण घेणार, आणि आधीच्या निर्णयातलं कोणतं कारण त्याच्या हाती लागणार? सगळा फरक इथेच पडतो. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात १९९४ साली मतदारांनी कायदा मंजूर केला, तो १९९७ पासून अमलात आला. अट होती: सहा महिन्यांत मृत्यू अपेक्षित असलेला प्रौढ रुग्ण. ती अट आजही कायम आहे. १९९७ मध्येच अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा कोणताही घटनात्मक हक्क नाही असं ठरवल्यामुळे, संघराज्याच्या घटनेचा आधार घेऊन ही अट पाडायला कुणाला वाव उरला नाही.

कॅनडात सुरुवातच न्यायालयातून झाली. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हक्क मान्य केला तो गंभीर, बरा न होणारा आजार आणि असह्य यातना या आधारावर. मृत्यू जवळ असण्याची अट त्यात नव्हती. संसदेने २०१६ च्या कायद्यात ती घातली. म्हणजे कायद्याची रेषा हक्काच्या रेषेपेक्षा अरुंद होती, आणि अशी रेषा टिकवणं अवघड असतं. २०१९ मध्ये तिथल्या क्वेबेक प्रांताच्या न्यायालयाने ती अट घटनाबाह्य ठरवली, केंद्र सरकारने अपील केलं नाही, आणि २०२१ मध्ये संसदेने ती काढली. मानसिक आजाराची पायरी मात्र अजून पूर्ण झालेली नाही. त्याच २०२१ च्या कायद्यात ती दोन वर्षांनी लागू व्हायची होती. नंतर ती २०२४ पर्यंत आणि मग २०२७ पर्यंत ढकलली गेली.

म्हणून "परदेशात असंच झालं" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. कोणत्या देशात, कोणत्या दरवाजातून झालं ते सांगा. तुमच्यासमोरचा प्रस्ताव हक्काच्या भाषेत आहे की मर्यादित सवलतीच्या, हे पाहून पायरीची शक्यता ठरते.

आता आकडे. तीन पायऱ्या, प्रत्येकीची शक्यता ८० टक्के धरली तरी तिन्ही घडण्याची शक्यता ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ५१ टक्के. ऐकणाऱ्याला "जवळपास नक्की" वाटलेलं भाकीत नाणेफेकीवर येतं. पण इथे उलटी चूकही होते: लोक प्रत्येक पायरी सुटी धरून अंदाज करतात. खरा प्रश्न असतो, आधीची पायरी घडली हे गृहीत धरून पुढची किती शक्य? कॅनडात अट गेल्यावर पुढच्या मागणीला बळ मिळालं, कारण "एका आजाराला हो, दुसऱ्याला नाही, हा भेदभाव आहे" हा युक्तिवाद तयारच होता. अशा साखळीत दुसरी पायरी पहिलीपेक्षा सोपी असू शकते.

आणखी एक गोंधळ हमखास होतो. ऑरेगनमध्ये १९९८ साली या कायद्याखाली १६ मृत्यू झाले, २०२३ मध्ये ३६७. हे घसरणीचा पुरावा म्हणून दाखवतात. पण संख्या वाढणं आणि पात्रता रुंदावणं या वेगळ्या गोष्टी आहेत. भाकीत होतं ते पात्रता रुंदावण्याचं. तरी ऑरेगन जागचं हललंच नाही असंही म्हणू नका. २०२० पासून, विनंती केल्यावर सक्तीने थांबावं लागण्याचा काळ संपण्याआधीच मृत्यू येईल अशा रुग्णांना त्यातून सूट मिळते, आणि २०२३ मध्ये रहिवासी असण्याची अटही काढली गेली. घसरण झाली ती कार्यपद्धतीत. मुख्य अट शाबूत राहिली. विरोधकांनी नेमकं हेच मांडलं असतं, तर त्यांचं भाकीत बरोबर ठरलं असतं.

आणि हो, शक्यता कमी निघाली म्हणजे मुद्दा मेला असं नाही. शेवटच्या पायरीवरची हानी भरून न येणारी असेल, तर वीस टक्केही पुष्कळ असतात. अशा वेळी पूर्ण प्रस्ताव फेटाळण्याआधी त्यातला नेमका कोणता शब्द पुढचा दरवाजा उघडतो तो शोधा, आणि तो बदलून मागा.