काहीच, कोणीच, कधीच : पासे काँपोझेतला नकार

प्रश्न : मॅडम, मी टीईएफ कॅनडा या फ्रेंचच्या परीक्षेची तयारी करतेय. साधं 'न... पा' जमतं. पण पासे काँपोझे या भूतकाळात 'काहीच', 'कोणीच', 'कधीच' आलं की सगळं गडबडतं. हे शब्द पार्टिसिपलच्या आधी येतात की नंतर, सोबत 'पा' लावायचा की नाही, ऐन वेळी काही सुचत नाही. तक्ता पाठ आहे, तरी चुकतेच. वय 34. आता नवीन भाषा डोक्यात शिरत नाही, असं तर नसेल?

उत्तर : वयाचा इथे काही संबंध दिसत नाही. काही काळापूर्वी माझ्याकडे सांगलीकडच्या एक परिचारिका आल्या होत्या, त्यांची अडचण जवळजवळ हीच होती. ओळख पटू नये म्हणून त्यांचे तपशील थोडे बदलले आहेत, वाक्यं मात्र त्यांच्या वहीतलीच. आणि एक सांगून ठेवते : फ्रेंच शब्द इथे उच्चाराच्या जवळपास, देवनागरीत लिहिले आहेत. स्पेलिंग तुमच्या पुस्तकात आहेच, आपला प्रश्न फक्त जागेचा आहे.

टीईएफ कॅनडाच्या लेखन परीक्षेच्या पहिल्या भागात एका छोट्या बातमीची सुरुवात दिलेली असते आणि ती निदान 80 शब्दांत पुढे न्यायची असते. बातमी म्हणजे चोरी, अपघात, कुणीतरी हरवलं अशा धर्तीची. साहजिकच भूतकाळ येतो, आणि 'कोणी काही पाहिलं नाही' हे तर हमखास येतं. बाईंच्या बातमीत एका इमारतीत रात्री विचित्र आवाज झाला होता. त्यांनी लिहिलं होतं :

'ले वुआझँ न'ओं पा रियँ आँताँद्यू.' (शेजाऱ्यांनी काहीच ऐकलं नाही.)
'पेर्सोन न'ए पा सोर्ती.' (कोणीच बाहेर आलं नाही.)
'ला पोलीस न'आ पेर्सोन त्रूव्हे.' (पोलिसांना कोणीच सापडलं नाही.)
'ल गार्दियँ न'आव्हे जामे व्यू सा.' (पहारेकऱ्याने असं कधीच पाहिलं नव्हतं.)

चारपैकी तीन वाक्यं चुकली होती आणि बाईंनी स्वतःच वर लाल पेनाने 'निगेशन कच्चं' असा शेरा मारून ठेवला होता. मला तो शेरा पटला नाही. नीट पाहिलं तर इथे दोन वेगळ्या चुका आहेत. पहिल्या दोन वाक्यांत शब्दांचा क्रम ठीक आहे, फक्त 'पा' जास्तीचा आहे. तिसऱ्यात 'पा' नाही, पण 'पेर्सोन' चुकीच्या जागी बसलाय. दोन्हींवर एकच तक्ता घोकत बसलं की एकही सुटत नाही.

आधी 'पा'चं पाहू. ही चूक मराठीतून येते आणि तिच्यामागचा विचार चुकीचा म्हणता येत नाही. आपण 'काहीच ऐकलं नाही' म्हणतो. 'काहीच'ला 'नाही' लागतंच, त्याशिवाय वाक्य पुरं होत नाही. मग मन हिशेब करतं : काहीच म्हणजे 'रियँ', नाही म्हणजे 'पा'. घोटाळा या दुसऱ्या जोडीत आहे. आपल्या 'नाही'चं काम फ्रेंचमध्ये पुढचा 'न' करतो. आपल्याकडे तो शब्द वाक्याच्या शेवटी येतो, त्यांच्याकडे सहायक क्रियापदाच्या आधी, एवढाच फरक. 'पा' हा 'रियँ', 'जामे', 'पेर्सोन' यांचा भाऊबंद आहे. एक आला की दुसऱ्याला जागा नाही. म्हणून 'ले वुआझँ न'ओं रियँ आँताँद्यू' आणि 'पेर्सोन न'ए सोर्ती'. 'पेर्सोन' कर्ता होऊन वाक्याच्या तोंडाशी आला तरी 'न' ठेवायचाच आणि 'पा' गाळायचाच.

दोन्ही घातले तर काय बिघडतं? अर्थ उलटतो. 'स न'ए पा रियँ' हे फ्रेंच लोक खरंच म्हणतात, पण त्याचा अर्थ 'ही काही साधीसुधी गोष्ट नाही'. बाईंचं पहिलं वाक्य परीक्षकाने शब्दशः घेतलं तर शेजाऱ्यांनी काही ऐकलं नाही असं नाही, म्हणजे ऐकलं होतं, असा अर्थ निघेल. बातमीच फिरली!

आता जागा. साध्या वर्तमानकाळात हा प्रश्न उठतच नाही, कारण क्रियापद एकच असतं आणि सगळे नकारशब्द त्याच्या मागे जातात. पासे काँपोझेत क्रियापदाचे दोन तुकडे होतात, 'आव्हुआर' किंवा 'एत्र'चं रूप आणि मग पार्टिसिपल. 'पा', 'जामे', 'प्ल्यू' आणि 'रियँ' या दोघांच्या मध्ये बसतात. 'पेर्सोन' पार्टिसिपल संपल्यावर येतो. बाईंनी 'रियँ' मध्ये बसतो हे पक्कं केलं होतं आणि तोच नियम 'पेर्सोन'ला लावला होता.

क्लासमध्ये सहसा जोड्या अशा शिकवतात : 'केल्क शोझ' (काहीतरी) विरुद्ध 'रियँ', 'केल्कँ' (कोणीतरी) विरुद्ध 'पेर्सोन'. अर्थासाठी या जोड्या चांगल्या आहेत, जागेसाठी मात्र पहिली जोडी फसवी आहे. 'ज'ए व्यू केल्क शोझ' मध्ये 'काहीतरी' शेवटी येतं. त्यावरून गेलात तर 'ज न'ए व्यू रियँ' लिहाल आणि ते चूक ठरेल.

मी बाईंना 'रियँ'ची जोडी 'तू'शी लावायला सांगितली. तू म्हणजे सगळं. 'ज'ए तू व्यू', मी सगळं पाहिलं. 'ज न'ए रियँ व्यू', मी काहीच पाहिलं नाही. जागा तीच. मध्ये 'आ' हे शब्दयोगी अव्यय आलं तरी जोडी टिकते : 'ज'ए पाँसे आ तू', मी सगळ्याचा विचार केला, 'ज न'ए पाँसे आ रियँ', मी कशाचाच विचार केला नाही. बघा, इथे 'रियँ' पार्टिसिपलच्या मागे गेला, आणि त्यासाठी वेगळा नियम पाठ करावा लागला नाही. 'जामे'ची जोडी 'तूजूर', म्हणजे नेहमी. तोही दोघांच्या मध्येच बसतो.

'पेर्सोन'च्या जागी कुणाचंही नाव घाला. मी बाईंना 'पोल' दिला. पोलिसांना पोल सापडला : 'ला पोलीस आ त्रूव्हे पोल'. नाव मध्ये घुसवायचं कुणाच्या मनातही येत नाही, ते आपोआप शेवटी जातं. आता पोलला उठवून तिथे 'पेर्सोन' बसवा आणि पुढे 'न' लावा : 'ला पोलीस न'आ त्रूव्हे पेर्सोन'. पोलशी बोलला असेल तर 'आ पोल' लागतं, म्हणून कोणाशीच बोलला नाही हे 'इल न'आ पार्ले आ पेर्सोन'. पोल बाहेर आला असेल तर तो वाक्याच्या सुरुवातीला, म्हणून 'पेर्सोन न'ए सोर्ती'. याला कारणही आहे. 'युन पेर्सोन' म्हणजे एक व्यक्ती, हे नाम आहे, आणि नकारात आल्यावरही त्याने नामाची जागा सोडलेली नाही. (लिंग मात्र सोडलंय : 'युन पेर्सोन' स्त्रीलिंगी, पण नकारातल्या 'पेर्सोन'बरोबर पार्टिसिपल पुल्लिंगी एकवचनी राहतं.) 'रियँ'सुद्धा मुळात लॅटिनमधल्या 'वस्तू' या अर्थाच्या शब्दापासून आला आहे, तरी तो मध्ये सरकला. त्यामुळे निव्वळ तर्काने हे सुटत नाही, जोडीच लक्षात ठेवावी लागते.

नामाबरोबर येणारा 'ओकँ' (एकही) आणि 'न्युल पार' (कुठेच) हे पोलच्याच बाजूचे, म्हणजे पार्टिसिपलनंतर. यांच्यावर जास्त वेळ घालवू नका, परीक्षेत घात करतात ते 'रियँ' आणि 'पेर्सोन'.

या पद्धतीचा कस बाईंच्या पुढच्या वाक्यावर लागला. त्यांना लिहायचं होतं : 'त्याने कधीच कोणाला काही सांगितलं नाही.' तीन नकारशब्द एकदम पाहून त्या थबकल्या. मी म्हटलं, आधी उलटं लिहा, 'त्याने नेहमीच पोलला सगळं सांगितलं.' त्यांनी लिहिलं : 'इल आ तूजूर तू दी आ पोल.' मग एकेक शब्द बदलला, तूजूरच्या जागी जामे, तूच्या जागी रियँ, पोलच्या जागी पेर्सोन, आणि पुढे 'न'. 'इल न'आ जामे रियँ दी आ पेर्सोन.' वाक्य तयार. हे नकारशब्द एकमेकांशेजारी बिनधास्त राहतात, मराठीत 'कधीच, कोणाला, काही' एकाच 'नाही'वर निभावतात तसेच. फक्त 'पा' त्यांच्यात चालत नाही.

ही युक्ती एका ठिकाणी उपयोगी पडत नाही. 'विचित्र असं काहीच पाहिलं नाही' म्हणायचं असेल तर 'रियँ' मध्येच राहतो आणि विशेषण 'द' घेऊन पार्टिसिपलच्या मागे पडतं : 'ज न'ए रियँ व्यू द'एत्राँझ'. 'तू' इथे मदत करत नाही. हे एक वाक्य तेवढं तोंडपाठ करून टाका.

काळ बदलला तरी जागा बदलत नाहीत. बाईंचं चौथं वाक्य प्लुस-क-पार्फेतलं होतं, 'न'आव्हे जामे व्यू', आणि ते बरोबरच होतं. 'मला कधीच वाटलं नसतं' हे 'ज न'ओरे जामे क्र्यू', तिथेही 'जामे' दोघांच्या मध्ये.

तपासताना एक जागा मुद्दाम बघा, कर्ता 'ओं' असेल ती. 'ओं न'आ रियँ व्यू' आणि 'ओं आ रियँ व्यू' कानाला सारखेच लागतात, कारण 'ओं'चा न् पुढच्या स्वराला चिकटून ऐकू येतो. ऐकून ऐकून लिहिणाऱ्यांचा 'न' इथे हटकून गळतो. शिवाय बोलताना फ्रेंच लोक 'न' सर्रास गाळतात, 'ज'ए रियँ व्यू', 'ज'ए व्यू पेर्सोन'. व्हिडिओत तसं ऐकलंत तर गोंधळू नका. परीक्षेच्या कागदावर 'न' लिहायचाच.

बाईंचा एक मावसभाऊ माँट्रियलला आहे. 'पा चालत नाही' हे ऐकून त्या म्हणाल्या, "पण मॅडम, दादा तर म्हणतो तिकडे सगळे 'ज'ए पा व्यू पेर्सोन' म्हणतात." दादाचं म्हणणं खरं आहे. क्वेबेकच्या बोलीत 'पा' आणि 'पेर्सोन' एकत्र येतात आणि तिथे त्याचा अर्थ उलटत नाही, 'कोणालाच पाहिलं नाही' एवढाच राहतो. म्हणजे आपल्या मराठी हिशेबाचंच वाक्य झालं ते. तिकडे गेल्यावर रुग्णाने असं म्हटलं तर त्याला कोणीच दिसलं नाही असं समजायचं, पण टीईएफच्या उत्तरात आणि रुग्णालयाच्या लेखी नोंदीत 'ज न'ए व्यू पेर्सोन' हेच लिहायचं.