ट्युटोरियलच्या रिटेन्शन ग्राफमधला उंचवटा कसा वाचायचा?

प्रश्न: माझ्या ट्युटोरियल व्हिडिओच्या कोणत्या क्षणी किती प्रेक्षक पाहत होते ते दाखवणाऱ्या रिटेन्शन ग्राफमध्ये मध्येच उंचवटा दिसतो. लोकांना तो भाग आवडला की समजला नाही?

उत्तर: ते उंचवट्यानंतर रेघ कुठे जाते त्यावरून ओळखा. ती आधीच्याच उतारावर परतली, तर लोकांना हवं ते मिळालं. त्या उताराच्याही खाली घसरली, तर बरेच जण तिथेच अडकून निघून गेले. समजा, स्प्रेडशीटच्या धड्यात ४:१० ते ४:२५ उंचवटा आहे आणि ४:२२ ला सूत्र टाइप होताच पडदा बदलतो. लोक पुन्हा पाहायला दहा-दहा सेकंद मागे येतात, म्हणून खरी अडचण बहुधा उंचवट्याच्या उजव्या टोकाला असते, सुरुवातीला नाही. edX या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरील ८६२ व्हिडिओंवरच्या २०१४ च्या अभ्यासातही असे बरेच उंचवटे पडद्यावरचं दृश्य बदलतानाच आढळले होते. अशा वेळी बहुधा विषय अवघड नसतो, सूत्र वाचायला वेळच मिळालेला नसतो. पुढच्या व्हिडिओत ते जास्त वेळ पडद्यावर राहू द्या आणि वर्णनातही लिहा.

मात्र चॅप्टरवर किंवा टाइमस्टॅम्पच्या लिंकवर क्लिक करून थेट तिथे पोचणाऱ्यांमुळेही उंचवटा येतो. तो नेमका चॅप्टरच्या पहिल्या सेकंदाला सुरू होत असेल, तर त्याला गोंधळ समजू नका. आणि प्रेक्षक मोजकेच असतील तर एखाद-दोघांच्या रिप्लेनेही रेघ उडते. तेव्हा कॉमेंटमधले प्रश्न जास्त भरवशाचे.