पन्नास जणांत जागे किती?

प्रश्न: "क्लॅश ऑफ क्लॅन्समध्ये आमचा क्लॅन फुल आहे, ५० जण. पण २५ विरुद्ध २५ च्या वॉरमध्ये जेमतेम २८ अटॅक होतात, बाकीचे झोपलेले. सगळ्यांना किक करू का? आणि को-लीडर किती ठेवावेत?"

किक नंतर करा, आधी वॉर लहान करा. २५ च्या वॉरमध्ये प्रत्येकाला दोन, म्हणजे ५० अटॅक मिळतात. त्यातले २८ च झाले तर २५ बेसवर एकेक मारून हातात फक्त तीन उरतात. पहिल्या फटक्यात एखादा बेस दोन स्टारवर अडकला की तो साफ करायला माणूस नाही. तेच १५ चं वॉर लावा. पंधरा जागे लोक ३० अटॅक मारतील आणि प्रत्येक बेसला दोन संधी मिळतील. समोरचा क्लॅन जुळवताना गेम तुमच्या बेसची ताकद बघतो. तुमची पोरं झोपाळू आहेत म्हणून सोपा शत्रू देत नाही. त्यामुळे न खेळणारा मोठा टाउन हॉल वॉरमध्ये घेणं म्हणजे दुहेरी तोटा.

आमचा क्लॅन सोलापूरचा. अर्धे कॉलेजचे, काही अक्कलकोट रोड एमआयडीसीत शिफ्ट करणारे, दोघं-तिघं दुकानदार. चॅटवर मराठी, तेलुगू, कन्नड सगळं चालतं. एवढ्या वेगवेगळ्या वेळांच्या लोकांत नियम मोठा ठेवून चालत नाही. आमचा एकच आहे: प्रोफाइलमधलं वॉरचं बटण हिरवं ठेवलंस तर दोन्ही अटॅक मारायचे. पहिला अटॅक बॅटल डेच्या पहिल्या बारा तासांत. जमणार नसेल तर लाल कर, का ते कोणी विचारणार नाही. परीक्षा असो, घरचं लग्न असो की जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, लाल केलं की विषय संपला. या सवलतीमुळे लोक खरं सांगतात. नाहीतर "हो हो, मारतो" म्हणून गायब होतात.

हिरवं ठेवून अटॅक चुकवला तर पुढच्या वॉरमध्ये बाहेर. भांडण नाही, भाषण नाही. पुन्हा तसंच झालं तर को-लीडर खासगीत विचारतो, आणि तिसऱ्यांदा किक. डोनेशनही बंद आणि वॉरही लाल, असे महिनाभर पडून असलेले अकाउंट मात्र बिनधास्त काढा.

वॉर कधी लावता हेही बघा. तयारीचे २३ तास आणि लढाईचे २४, म्हणजे सर्च मारल्यापासून साधारण ४७ तासांनी वॉर संपतं. आम्ही शुक्रवारी रात्री साडेदहाला लावतो. बॅटल डे शनिवारी रात्री साडेनऊला सुरू होतो आणि रविवारी रात्री साडेनऊला संपतो, म्हणजे शिफ्टवाल्यालाही एक मोकळा तुकडा मिळतोच. आधी दुपारी फावल्या वेळात लावायचो, तेव्हा शेवटचे तास नेमके लोक कामावर असताना यायचे.

को-लीडर तीन-चार पुरे. एल्डरशिप सढळ हाताने वाटा, तिच्याने बिघडतं ते फार थोडं. को-लीडर मात्र वॉर लावतो, क्लॅन मेल टाकतो, एल्डर आणि मेंबर दोघांनाही किक करू शकतो. त्याला खाली आणणं फक्त लीडरच्या हातात. म्हणजे रात्री दोनला तो चिडला आणि तुम्ही झोपलेले असलात तर सकाळी क्लॅन रिकामा सापडू शकतो. "मी रोज ऑनलाइन असतो, मला को द्या" असं मागणाऱ्याला तर मी कधीच देत नाही. आमचा एक को होटगी रोडवर मोबाईल रिपेअरिंग करतो. त्याने पद मागितलं नव्हतं. वॉर कॅसल रिकामे दिसले की तो न सांगता भरायचा, म्हणून दिलं.

लोक टिकवायचे असतील तर महिन्याच्या सुरुवातीची वॉर लीग नीट चालवा. सात दिवस, रोज प्रत्येकी एकच अटॅक, आणि रोजची यादी बदलता येते. लीगचे पूर्ण मेडल मिळायला एकूण आठ स्टार लागतात. म्हणून ज्याचे आठ झाले त्याला विचारून बसवायचं आणि बाकावरच्या पोराला घ्यायचं. लीग अटीतटीची असेल तर वरचे तीन-चार हलवायचे नाहीत, बाकी फिरवायचे. बोनस मेडल कोणाला द्यायचे ते लीग सुरू होण्याआधीच मेलमध्ये लिहून टाका. आम्ही ज्याने एकही अटॅक चुकवला नाही त्यांना देतो, आणि असे जास्त निघाले तर गेल्या महिन्यात ज्यांना मिळाले नव्हते ते आधी. हे न ठरवता दोस्तांना वाटलेत, तर पुढच्या महिन्यात तुमचे सगळ्यात चांगले दोन अटॅकर दुसऱ्या क्लॅनमध्ये दिसतील.