गंज

प्रश्न: नवीन अपार्टमेंटमध्ये आलोय. शेजारच्यांशी पहिल्याच भेटीत काहीतरीच बोलून बसलो, आता समोर आले की अवघडतं. अशा सुरुवातीतून कुणाची पुढे चांगली मैत्री झालीय का?

माझी झाली. पण त्याआधी दीड महिना मी दाराच्या भिंगातून पाहून, पॅसेजमध्ये कुणी नाही याची खात्री करूनच घराबाहेर पडायचे.

आम्ही मूळचे अकोल्याचे. नवऱ्याची बदली कोल्हापूरला झाली आणि साने गुरुजी वसाहतीकडे एका नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. सामान चढवत होतो, दुपारचे दोन वाजले असतील. समोरचं दार उघडलं, साठीच्या एक बाई बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "आलासा? जेवलासा काय वैनी?"

माझ्या हातात मिक्सरचं खोकं होतं. मी खरं ते सांगितलं, "नाही अजून."

कोल्हापुरात 'जेवलासा काय' हा बऱ्याचदा निव्वळ नमस्कार असतो. त्याला 'व्हय, तुमचं झालं का' एवढं उत्तर पुरतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बाई क्षणभर थबकल्या, आत गेल्या, आणि वीस मिनिटांनी ताट घेऊन उभ्या राहिल्या. दोन भाकरी, मटकीची उसळ, वर लाल तर्री, कडेला कांदा. आणि मी काय म्हणावं? "अहो कशाला उगाच, नको, आम्ही बाहेरून मागवलंय." मागवलं होतं हे खरंच. पण ते ताट परत जाताना त्यांचा चेहरा पाहिला आणि वाटलं, खोकं हातातून पडलं असतं तर बरं झालं असतं.

पुढे लिफ्टजवळ दिसल्या की मी जिना धरायचे. नंतर कळलं की त्यासुद्धा मला टाळत होत्या. त्यांना वाटत होतं, ही विदर्भाकडची बाई आपल्या हातचं खात नाही.

एप्रिलच्या सुरुवातीला एका सकाळी बेल वाजली. काकूच होत्या. "मोठी कढई हाय काय तुमच्याकडं? चटणी करायचीय."

माझ्या डोळ्यांसमोर चटणी म्हणजे शेंगदाण्याची किंवा जवसाची, त्याला मोठी कढई कशाला? तरी या वेळी नाही म्हणायचं नव्हतं. म्हटलं, "कढई नाही, पण गंज आहे."

काकू म्हणाल्या, "गंज असंल तर घासून घिऊ की. लिंबू हाय माझ्याकडं."

मी आत जाऊन आईनं दिलेला जाड बुडाचा गंज उचलून आणला. आमच्याकडे खोलगट मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात. काकूंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग आत हात घालून बूड चाचपलं आणि म्हणाल्या, "गंज कुठं हाय ह्याला?" मग दोघींनाही एकदमच उलगडा झाला. त्या हसता हसता उंबऱ्यावरच बसल्या. दीड महिना जे सांगायचं राहिलं होतं ते मी तिथेच सांगून टाकलं, ताटाचं आणि हॉटेलच्या डब्याचं.

चटणी म्हणजे कोल्हापूरची कांदा-लसूण चटणी, वर्षभराचं तिखट-मसाला सगळं एकात. काकू त्याच हिवाळ्यात शिवाजी पेठेतलं जुनं घर सोडून इथे आल्या होत्या. मोठी कढई दिराकडे राहिली होती. तिथे अंगणात चूल मांडून चार जावा मिळून भाजायच्या. इथे फ्लॅटच्या बंद स्वयंपाकघरात मिरची भाजली तर सगळी इमारत खोकत खाली उतरली असती. म्हणून गच्ची. तिथे त्यांना एकटीनं जायचं नव्हतं, आणि कढई हे निम्मं निमित्त होतं असं आता मला वाटतं. त्या काही कबूल करत नाहीत.

माप त्यांच्या घरचं असं: दोन किलो मिरची, निम्मी रंगाला ब्याडगी, निम्मी तिखटाला संकेश्वरी. दोन किलो कांदा. लसूण, सुकं खोबरं, धणे आणि खडा मीठ प्रत्येकी अर्धा किलो, तीळ पाव किलो, आणि गरम मसाल्याचं थोडं थोडं. बहुतेक सगळं लक्ष्मीपुरीतून आणलं. दुसऱ्या घरी गेलात तर माप वेगळं निघेल आणि तेच खरं असं ठामपणे सांगितलंही जाईल.

मिरची देठं काढून उन्हात कडक वाळवली आणि गच्चीवर गंजात भाजली. कांदा उभा चिरून दोन दिवस उन्हात, मग तेलात तांबूस होईपर्यंत तळायचा. इथे माझी चूक झाली. गंज खोल, त्यामुळे तळाचा कांदा लाल व्हायचा आणि वरचा मऊच राहायचा. दिसायला मात्र सगळा तांबूस. मी "झाला" म्हणून ताटात काढला. काकूंनी चिमूटभर उचलून दोन बोटांत चुरला. चुरा झाला नाही, काप नुसता वाकला. "ह्यात पाणी हाय अजून. हे बरणीत गेलं की पावसाळ्यात बुरशी." मग थोडा थोडा करून सगळा परत तळला. गार झाल्यावर तो बोटांत कुरकुरीत मोडायला लागला, तेव्हा त्यांनी मान हलवली. खाली वॉचमन तोंडाला रुमाल बांधून फिरत होता. त्याला नंतर वाटीभर चटणी पोचली.

कुटायला डंकावर गेलो. पिठाच्या गिरणीत हे चालत नाही, तेलानं आणि कांद्यानं जातं चिकटतं. डंकावर आधी नुसती मिरची कुटून चाळतात, मग भाजलेला मसाला, आणि शेवटी कांदा, लसूण, खोबरं घालून सगळं पुन्हा एकजीव करतात. तिथे तास दीड तास नंबर लावून बसलो. काकूंनी मला अख्खी शिवाजी पेठ सांगितली, मी त्यांना अकोल्याचं ऊन सांगितलं. बरणीत भरताना त्यांनी वर हिंगाचे दोन खडे ठेवले आणि बजावलं, "वल्ला चमचा घालायचा न्हाई." त्यांचा डबा मी रिकामा पाठवला नाही, त्यात आईनं दिलेल्या, सांडग्यांसारख्या वाळवलेल्या खारोड्या भरल्या. काकूंनी त्या आधी न तळताच खाऊन बघितल्या, म्हणजे आमचा हिशोब फिटला.

तुमच्या प्रश्नाबद्दल एवढंच म्हणेन की माफी मागायला म्हणून जाऊ नका, समोरचा आणखी अवघडतो. एखादी वस्तू मागायला जा, आणि ती परत द्यायला जा. सगळीकडे हे जमेलच असं नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांकडून मी शिडी दोनदा आणली, तरी अजून फक्त मान हलवण्यापुरतीच ओळख आहे.

काकूंची हाक आता 'जेवलासा काय वैनी' वरून 'अगं जेवलीस काय' वर आलीय. गंज त्यांच्याकडेच असतो. तळाशी मिरचीचा लाल थर असा बसलाय की त्यात आता दूध तापवायची सोय राहिलेली नाही.