ए-झिरो पोस्टरवरून पाच मिनिटांच्या स्लाइड

प्रश्न: उभं ए-झिरो पोस्टर तयार आहे, आता त्यावरच पाच मिनिटं बोलायचंय. पॉवरपॉइंटमध्ये स्लाइडचा आकार बदलला की सगळं बारीक होतंय. काय करू?

उत्तर: आकार बदलू नका, 16:9ची नवी फाइल उघडा. पोस्टरची उंची 118.9 सेंमी, स्लाइडची 19.05. म्हणजे सहापटीहून जास्त आक्रसणार आणि 24 पॉइंटचा मजकूर 4 पॉइंटच्याही खाली जाणार.

पोस्टरवर रकाने असतात, बघणारा हवा तिथून वाचतो. बोलताना क्रम तुम्ही ठरवायचा. माझं पोस्टर विहिरींच्या पाण्यातल्या नायट्रेटवर होतं. प्रस्तावनेचे तीन परिच्छेद मी नुसते बोललो, पडद्यावर फक्त विहिरींचा नकाशा. पद्धतीला एक स्लाइड, त्यात नमुने कुठून आणि कधी घेतले एवढंच.

खरं काम आलेखांचं. एकाच आकृतीत पावसाळ्याआधीचा, नंतरचा, खोलीनुसार आणि पिकानुसार असे चार आलेख होते. पोस्टरच्या पीडीएफमधून कापून चिकटवले तर अक्षांवरची अक्षरं मुंगीएवढी. म्हणून मूळ आकडेवारीतून पुन्हा काढले, अक्षरं 20 पॉइंटची. आधीचा आणि नंतरचा शेजारी-शेजारी, उभा अक्ष दोन्हीकडे सारखाच. नाहीतर वाढ खोटी दिसते. खोलीचा स्वतंत्र स्लाइडवर. पिकांचा गाळला (जीवावर आलं होतं!), प्रश्नोत्तरांसाठी शेवटी ठेवला.

मथळा ‘निष्कर्ष’ असा नको, ‘उथळ विहिरींत नायट्रेट जास्त’ असं पूर्ण विधान लिहा. संदर्भसूची पोस्टरवरच राहू दे.